साताने भागा, वार सांगा

समजा, एक गाडी सोमवारी रात्री दहा वाजता सुटते आणि तिचा प्रवास ३८ तासांचा आहे. ती कधी पोहोचेल? बहुतेक जण बोटांवर मोजू लागतात: मंगळवारी रात्री दहापर्यंत चोवीस तास झाले, उरले चौदा, म्हणजे बुधवारी दुपारी बारा. रेल्वेच्या वेळापत्रकाप्रमाणे मोजले तर हेच उत्तर एका ओळीत मिळते. रात्रीचे दहा म्हणजे २२ वाजले. २२ आणि ३८ मिळून ६०. साठाला चोविसाने भागले की भागाकार येतो २ आणि बाकी उरते १२. पोहोचताना घड्याळात बारा वाजलेले असतील हे बाकीवरून कळते. मधे दोन मध्यरात्री उलटून सोमवारचा बुधवार झाला, हे भागाकारावरून कळते.

प्राथमिक शाळेत भागाकार शिकताना बाकीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. पुढे दशांश अपूर्णांक आले की बाकी दिसेनाशीच होते. पण गणिताची एक अख्खी शाखा अशी आहे, जिथे भागाकार बाजूला ठेवून फक्त बाकी जपली जाते. तिला मॉड्युलर अंकगणित म्हणतात. घड्याळ आणि आठवडा ही तिची रोज वापरातली दोन उदाहरणे. घड्याळात बारा झाले की पुन्हा एक येतो आणि वारांमध्ये शनिवारनंतर पुन्हा रविवार. मोजणी कितीही पुढे गेली तरी घड्याळात बाराच आकडे आणि आठवड्यात सातच वार.

या विचाराला नेमके चिन्ह मिळाले १८०१ साली. कार्ल फ्रीडरिश गाउस हा जर्मन गणिती तेव्हा २४ वर्षांचा होता. त्या वर्षी त्याचा ‘डिस्क्विझिशनेस अरिथमेटिके’ हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच्या सुरुवातीलाच त्याने ही कल्पना मांडली. दोन संख्यांमधल्या फरकाला एखाद्या संख्येने पूर्ण भाग जात असेल, तर त्या दोन संख्या त्या भाजकापुरत्या समशेष. म्हणजे त्या भाजकाने भागल्यावर दोघींची बाकी सारखीच. १७ आणि ५ यांच्यात १२ चा फरक आहे, म्हणून

१७ ≡ ५ (mod १२)

असे लिहायचे. सतरा वाजले म्हणजे संध्याकाळचे पाच, ही रोजची गोष्ट तीन आडव्या रेघांच्या या चिन्हाने गणिताच्या भाषेत येते. शेवटी कंसात लिहिलेल्या १२ या भाजकाला मापांक म्हणतात. मापांक बदलला की नातेही बदलते. १७ आणि ५ यांची घड्याळात जोडी जमते, पण वारांसाठी सातने भागले तर १७ ची बाकी ३ येते आणि ५ ची ५ च राहते. आजपासून पाचव्या दिवशीचा वार आणि सतराव्या दिवशीचा वार वेगळे असतात.

एवढ्यावर थांबले तर हे केवळ नवे चिन्ह ठरले असते. खरा फायदा पुढे आहे. बेरीज किंवा गुणाकार करण्याआधीच संख्यांच्या जागी त्यांच्या बाक्या ठेवल्या, तरी शेवटची बाकी बदलत नाही. असे का, हे पाहायला दहावीची बीजगणिताची तयारी पुरते. एक संख्या ७क + र आणि दुसरी ७ख + स अशी लिहिली, तर त्यांची बेरीज ७(क + ख) + (र + स) होते. पहिल्या तुकड्याला सातने पूर्ण भाग जातो, म्हणून बाकी ठरते ती र + स वरूनच. गुणाकारातही प्रत्येक पदात कुठेतरी ७ येतो. सुटते ते फक्त र × स हे एक पद.

याचा परिणाम लगेच दिसतो. आज रविवार असेल, तर २ च्या १०० व्या घाताइतक्या दिवसांनी कोणता वार असेल? ही संख्या ३१ अंकी आहे, पण ती लिहायची गरजच नाही. २ × २ × २ म्हणजे ८, आणि ८ ची बाकी १. तीन-तीन दुव्यांचा प्रत्येक गट १ होऊन जातो. शंभरात असे ३३ गट बसतात आणि एक २ उरतो. म्हणून उत्तर रविवारच्या पुढे दोन, मंगळवार.

आता कॅलेंडरकडे वळू. रविवारला ०, सोमवारला १, मंगळवारला २ असे करत शनिवारला ६ अंक द्यायचा. मग महिन्यांच्या लांबीऐवजी त्यांच्या बाक्या लक्षात ठेवायच्या. ३१ दिवसांचा महिना वार ३ ने पुढे ढकलतो आणि ३० दिवसांचा २ ने. २८ दिवसांचा फेब्रुवारी वार हलवतच नाही. म्हणूनच साध्या वर्षात फेब्रुवारी आणि मार्चच्या तारखा त्याच वारांना येतात. २०२६ मध्ये १ फेब्रुवारी रविवारी आणि १ मार्चही रविवारीच. वर्षाचे ३६५ दिवस म्हणजे ३६४ अधिक १, म्हणून वाढदिवसाचा वार दरवर्षी एकाने पुढे सरकतो. मधे २९ फेब्रुवारी आला तर दोनाने. वार काढायला एवढी सामग्री पुरते.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी शुक्रवार होता. एवढीच माहिती हाताशी धरून २६ जानेवारी १९५० चा वार काढू. १५ ऑगस्ट १९४७ पासून १५ ऑगस्ट १९४९ पर्यंत दोन वर्षे झाली आणि मधे १९४८ चा २९ फेब्रुवारी आला, म्हणून वार ३ ने पुढे गेला. त्यानंतर ऑगस्टचे १६ दिवस उरतात, त्यांची बाकी २. सप्टेंबरचे २, ऑक्टोबरचे ३, नोव्हेंबरचे २, डिसेंबरचे ३ आणि जानेवारीतल्या २६ दिवसांचे ५. या सगळ्यांची बेरीज १७, बाकी ३. आधीचे ३ आणि हे ३ मिळून ६. शुक्रवारचा अंक ५, त्यात ६ मिळवले की ११, बाकी ४. प्रजासत्ताकाचा पहिला दिवस गुरुवारी आला होता.

तिथून १ मे १९६० पर्यंत, म्हणजे महाराष्ट्राच्या स्थापनेपर्यंत जाता येते. २६ जानेवारी १९६० पर्यंत दहा वर्षे आणि १९५२ व १९५६ चे दोन लीप दिवस मिळून १२, बाकी ५. गुरुवारचे ४ आणि ५ मिळून ९, बाकी २, म्हणजे मंगळवार. पुढे जानेवारीचे ५ दिवस, लीप वर्षाच्या फेब्रुवारीचे २९, मार्चचे ३१, एप्रिलचे ३० आणि मेचा १. त्यांच्या बाक्या ५, १, ३, २ आणि १. बेरीज १२, बाकी ५. मंगळवारचे २ आणि ५ मिळून ७, बाकी ०. राज्याचा जन्म रविवारचा.

अशा हिशोबात चुका बहुधा दोनच ठिकाणी होतात. पहिली चूक टोकाचा दिवस मोजण्याची. बोलताना ‘आठ दिवसांनी या’ म्हटले की पुढच्या आठवड्यातला तोच वार अभिप्रेत असतो, कारण त्यात आजचा दिवसही धरलेला असतो. वार काढताना मात्र सुरुवातीचा दिवस धरायचा नाही आणि शेवटचा धरायचा. उत्तर एका वाराने चुकले की आधी इथे पाहावे. दुसरी चूक लीप वर्षाची. २९ फेब्रुवारी दोन तारखांच्या मधे खरोखर येतो का, हे पाहावे लागते. वर्ष लीप आहे एवढ्यावरून एक दिवस वाढवायचा नाही. वरच्या उदाहरणात १९६० चा लीप दिवस दहा वर्षांच्या हिशोबात आला नाही. तो २६ जानेवारीच्या नंतरचा आहे, म्हणून पुढच्या टप्प्यात मोजला गेला.

लीप वर्षांचा नियमही इथे तपासून घ्यायला हवा. चारने भाग जाणारे वर्ष लीप. पण शतकाचे वर्ष असेल तर त्याला ४०० ने भाग गेला पाहिजे. २००० लीप होते, १९०० नव्हते आणि २१०० नसेल. म्हणून शंभर वर्षांत साधारणपणे २४ लीप दिवस येतात. १०० आणि २४ मिळून १२४, बाकी ५. चार शतकांपैकी एकात मात्र २५ लीप दिवस असतात, तिथे बाकी ६. आता चारही शतके मिळवून पाहा: ५ + ५ + ५ + ६ = २१, आणि २१ ला सातने पूर्ण भाग जातो. चारशे वर्षांत वार शून्याने सरकतो! हे कॅलेंडर तयार करणाऱ्यांना सूर्याशी मेळ घालायचा होता, वारांशी नव्हे. तरीही चारशे वर्षांचे १,४६,०९७ दिवस नेमके २०,८७१ आठवड्यांचे होतात.

यातून एक गमतीचा निष्कर्ष निघतो. १ जानेवारी २००० रोजी शनिवार होता. त्यापुढच्या शतकात २५ लीप दिवस येतात, कारण २००० स्वतःच लीप आहे. म्हणून १ जानेवारी २१०० चा वार ६ ने पुढे, शुक्रवार. त्यापुढे पाच-पाचाने सरकत २२०० ला बुधवार, २३०० ला सोमवार आणि २४०० ला पुन्हा शनिवार. चक्र पुरे झाले. आजच्या कॅलेंडरप्रमाणे, शेवटी दोन शून्ये असलेल्या कोणत्याही वर्षाची सुरुवात रविवारी, मंगळवारी किंवा गुरुवारी होऊच शकत नाही.

चारशे वर्षांचे हे चक्र हातात आले की इतिहासातल्या तारखा तपासण्याचा मोह होतो. छत्रपती शिवाजी महाराजांचा रायगडावरचा राज्याभिषेक ६ जून १६७४ चा. चारशे वर्षे पुढे गेले तरी वार तोच राहतो, म्हणून ६ जून २०७४ चा वार काढू. १ मे १९६० चा रविवार आपल्याकडे आहे. १ मे २०७४ पर्यंत ११४ वर्षे आणि १९६४ पासून २०७२ पर्यंत २८ लीप दिवस. बेरीज १४२, बाकी २. मेचे उरलेले ३० आणि जूनचे ६ मिळून ३६, बाकी १. एकूण ३, म्हणजे बुधवार.

पण राज्याभिषेकाची परंपरेने सांगितली जाणारी मिती आहे शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शनिवार. तीन वारांची तफावत! गणितात एका दिवसाची चूक झाली असती तर वार एकाने हुकला असता. तीनाने हुकला, याचा अर्थ कारण दुसरीकडे शोधायला हवे.

ते कारण युरोपात सापडते. आज जगभर चालणारे कॅलेंडर पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये लागू केले. त्याआधीच्या ज्युलियन कॅलेंडरमध्ये प्रत्येक चौथे वर्ष लीप असे, शतकाच्या वर्षांनाही सूट नव्हती. त्यामुळे तारखा ऋतूंच्या मागे पडत गेल्या होत्या. ती चूक सुधारण्यासाठी कॅलेंडरमधून दहा तारखा वगळल्या गेल्या आणि गुरुवार ४ ऑक्टोबर १५८२ नंतरचा दिवस शुक्रवार १५ ऑक्टोबर ठरला. तारीख उडी मारून पुढे गेली, पण वारांचा क्रम तुटला नाही. कॅथलिक देशांनी हा बदल लवकर स्वीकारला. इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत जुनेच कॅलेंडर चालू ठेवले.

१६७४ साली राज्याभिषेकाला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील म्हणून हेन्री ऑक्झिंडन रायगडावर हजर होता. कंपनीची माणसे इंग्लंडच्या जुन्या पद्धतीने तारखा लिहीत आणि ६ जून ही तारीख त्याच जुन्या कॅलेंडरची आहे. नव्या कॅलेंडरनुसार तो दिवस १६ जून येतो. दहाची बाकी ३. बुधवारात तीन मिळवले की शनिवार. हिशोब जुळला आणि तारीख कोणत्या कॅलेंडरची आहे, याचा पुरावाही मिळाला.

जुन्या कागदांतली तारीख, तिथी आणि वार एकमेकांशी जुळतात का, हे याच पद्धतीने तपासता येते. फक्त एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. पंचांगातला वार मध्यरात्री बदलत नाही, तो सूर्योदयाला बदलतो. त्यामुळे पहाटेच्या घटनेच्या नोंदीत एका वाराचा फरक दिसू शकतो आणि तो फरक म्हणजे चूक नव्हे.

आतापर्यंत सगळा भार बेरीज आणि गुणाकारावर होता. भागाकार करायला गेले की हे गणित अडते, आणि मापांक १२ आहे की ७ यावर सगळे अवलंबून राहते. हे समजून घ्यायला नळाचे पाणी उपयोगी पडेल.

अनेक गावांत उन्हाळ्यात दिवसाआड पाणी येते. रविवारी पाणी आले तर पुढच्या पाळ्या मंगळवार, गुरुवार, शनिवार, सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि मग पुन्हा रविवार. दोन-दोनाच्या उड्या मारत सातही वार येऊन जातात, एकही सुटत नाही. आता हेच घड्याळात करून पाहा. बारापासून दर दोन तासांनी मोजले तर २, ४, ६, ८, १० आणि पुन्हा १२. कितीही वेळ मोजत राहिले तरी विषम आकडा येणार नाही. दर आठ तासांच्या गोळीला तर १२, ८ आणि ४ हे तीनच आकडे. दर पाच तासांनी मोजले तर मात्र बाराही आकडे येतात: १२, ५, १०, ३, ८, १, ६, ११, ४, ९, २, ७.

फरक सामाईक विभाजकाचा आहे. २ आणि १२ यांना दोन्हींना २ ने भाग जातो, ८ आणि १२ यांना ४ ने. ५ आणि १२ यांच्यात १ शिवाय काहीच सामाईक नाही. ७ ही तर मूळ संख्या आहे, म्हणून १ ते ६ पैकी कोणत्याही उडीने सगळे वार गाठले जातात.

समीकरणात याचा अर्थ असा होतो. घड्याळात २ × ३ म्हणजे ६ आणि २ × ९ म्हणजे १८, तेही सहाच. दोन्ही बाजूंचा २ काटला तर ३ आणि ९ समान ठरतील, आणि ते उघडच खोटे आहे. साध्या बीजगणितात हात सहज काटाकाटीकडे जातो. मापांक १२ असेल तर तोच हात चुकीच्या उत्तराकडे नेतो. सातच्या जगात मात्र २ काटता येतो. २ ला आणि फरकाला मिळून सातने भाग जात असेल, तर तो फरकालाच जायला हवा, कारण २ मध्ये सात लपलेला नाही.

काटता येतो एवढेच नाही, भागताही येते. पाणी रविवारी आले, तर त्यानंतरच्या कितव्या पाळीला ते बुधवारी येईल? बुधवारचा अंक ३, म्हणून समीकरण 2x ≡ 3 (mod 7). इथे ३ ला २ ने भागून दीड मिळतो, पण दीडावी पाळी नसते. अशा वेळी २ ला कशाने गुणले की बाकी १ येते ते शोधायचे. २ × ४ = ८, बाकी १. म्हणजे या जगात २ ने भागणे आणि ४ ने गुणणे एकच. ३ ला ४ ने गुणले की १२, बाकी ५. पाचवी पाळी. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सोमवार, बुधवार असे मोजून खात्री करता येते. याच रीतीने ३ चा जोडीदार ५ आहे, कारण १५ ची बाकी १, आणि ६ चा जोडीदार ६ स्वतःच, कारण ३६ ची बाकीही १. मापांक मूळ संख्या असेल तर शून्य सोडून प्रत्येकाला असा जोडीदार मिळतो. घड्याळात २ ला असा जोडीदार नाही. त्याला कशानेही गुणले तरी उत्तर समच येणार आणि १ कधीच येणार नाही.

ज्या विद्यार्थ्यांना पुढे जायचे आहे, त्यांनी घरातले भिंतीवरचे कॅलेंडर उतरवून मे ते नोव्हेंबर या सात महिन्यांच्या १ तारखांचे वार लिहून काढावेत. साल कोणतेही असो, साधे किंवा लीप, ते सातही वार वेगवेगळे निघतील. त्यानंतर कॅलेंडर बाजूला ठेवून, फक्त ३१ ची बाकी ३ आणि ३० ची बाकी २ वापरून, हे दरवर्षी असेच का घडते ते कागदावर सिद्ध करावे. हिशोबात फेब्रुवारी कुठे येतच नाही, हे एकदा लक्षात आले की सिद्धता पाच ओळींत संपते.